प्राइस, फी, फेअर, चार्ज, टॅरिफ की प्रीमियम? सेवेनुसार शब्द निवडण्याची रीत

सेवा देणाऱ्या कार्यालयात नव्याने रुजू झालेल्या माणसाकडे लवकरच एखादे बिल, दरपत्रक किंवा ग्राहकाला पाठवायचे इंग्रजी पत्र येते आणि रकमेसमोर नेमका कोणता शब्द लिहावा, या प्रश्नावर त्याचे काम अडते. प्राइस, फी, फेअर, चार्ज, टॅरिफ आणि प्रीमियम हे सगळेच शब्द 'द्यावयाचे पैसे' या अर्थाभोवती फिरतात आणि शब्दकोश उघडला तर एकाचा अर्थ सांगताना दुसऱ्याचाच आधार घेतलेला दिसतो. मराठीतून इंग्रजीकडे जाताना ही अडचण वाढते, कारण 'भाडे', 'दर' आणि 'हप्ता' या आपल्या शब्दांचा पसारा मोठा आहे. त्यांतल्या प्रत्येकासाठी इंग्रजीत दोन किंवा अधिक शब्द लागतात. हा लेख अशा नवख्या माणसासाठी आहे. त्यात प्रथम निवडीची रीत सांगितली आहे, मग जेथे सर्वाधिक गोंधळ होतो त्या जोड्या तपासल्या आहेत आणि शेवटी विमानाच्या एका तिकिटावर ही रीत चालवून दाखवली आहे, कारण या एकाच कागदाच्या व्यवहारात सहाही शब्द आपापल्या जागी भेटतात.

पहिली पायरी: रक्कम कशावर मोजली आहे ते शोधा

रकमेकडे पाहून शब्द निवडता येत नाही. ती कशावर मोजली आहे, हे पाहून येतो. म्हणून प्रथम 'प्रति' हा शब्द लिहावा आणि त्याच्यापुढे काय येते ते पाहावे. प्रति नग किंवा प्रति संच असेल, म्हणजे एक ठरलेली, आधीच बांधून ठेवलेली गोष्ट पैशांच्या बदल्यात दिली जात असेल, तर शब्द प्राइस. प्रति प्रवासी, प्रति प्रवास असेल तर फेअर. प्रति प्रकरण, प्रति अर्ज, प्रति सल्ला किंवा प्रति सत्र असेल, म्हणजे कोणी जाणकार किंवा कोणती संस्था एक काम करून देत असेल अथवा परवानगी वा प्रवेश देत असेल, तर फी. प्रति वापर, प्रति युनिट, प्रति किलो किंवा प्रति तास असेल आणि ती रक्कम ग्राहकाच्या खात्यावर चढत असेल, तर चार्ज. एखाद्या मुदतीपुरती जोखीम कोणी स्वतःवर घेतली असेल, तर प्रीमियम.

या यादीत टॅरिफ आला नाही, याचे कारण तो रकमेचा शब्दच नव्हे. या सगळ्या रकमा कोणत्या नियमाने निघतात हे सांगणारे जाहीर कोष्टक म्हणजे टॅरिफ. ग्राहक टॅरिफप्रमाणे पैसे भरतो. याबद्दल पुढे सविस्तर येईल.

प्राइस हा या कुळातला सर्वांत व्यापक शब्द आहे, हेही येथेच लक्षात घ्यावे. विमानसेवेविषयीच्या युरोपीय संघाच्या 2008 सालच्या नियमावलीत 'एअर फेअर' या संज्ञेची व्याख्याच मुळी 'प्रवाशांच्या वहनासाठी द्यावयाच्या प्राइसेस' अशी सुरू होते. म्हणजे फेअर ही एक प्रकारची प्राइस आहे, पण प्रत्येक प्राइस ही फेअर नसते. यातून व्यवहारात एक सोय मिळते. नेमका शब्द सापडत नसेल आणि एकंदर किती पैसे पडतील एवढेच सांगायचे असेल, तर प्राइस लिहिणे बहुधा निभावते. मात्र बिलाच्या एकेका ओळीसमोर प्राइस लिहिली, तर ती रक्कम कशाबद्दल आहे हे वाचणाऱ्याला कळत नाही, आणि ते कळावे यासाठीच तर बिलाच्या ओळी वेगळ्या केलेल्या असतात.

सेवेलाही प्राइस असू शकते, हे सांगणे आवश्यक आहे, कारण 'वस्तूला प्राइस आणि सेवेला फी' असा एक ढोबळ नियम नवख्यांना सांगितला जातो आणि तो अपुरा आहे. केस कापणे, गाडी धुणे किंवा ठरावीक दिवसांची सहल या सेवा आहेत, पण त्या वस्तूसारख्या मांडलेल्या असतात: काय मिळेल ते आधीच ठरलेले असते आणि येणाऱ्या प्रत्येकाला तेच मिळते. तेथे प्राइस योग्य ठरते. वकिलाने तुमचे कागद वाचून सल्ला दिला, तर तो सल्ला तुमच्या प्रकरणापुरता घडवलेला असतो. तेथे फीच लागते. त्याच वकिलाने 'साध्या मृत्युपत्राचा ठरलेला संच' जाहिरातीत मांडला, तर त्यासमोर प्राइस लिहिलेली दिसू शकते आणि ती चूक नसते.

दुसरी पायरी: 'भाडे' फोडून पाहा

मराठीत टॅक्सीचे भाडे, घराचे भाडे, मंडपाचे भाडे आणि मालाचे भाडे असे आपण सहज म्हणतो. इंग्रजीत फेअर यांतल्या फक्त पहिल्याला चालतो. फेअर या शब्दाचे मूळ जुन्या इंग्रजीतील 'प्रवास करणे' या क्रियापदात आहे आणि आजही त्याच्या अर्थात दोन गोष्टी अनिवार्य आहेत: वाहून नेले जाणारे माणूस आणि वाहून नेणारा दुसरा कोणी. यांपैकी एक जरी नसेल, तरी फेअर हा शब्द तेथे बसत नाही.

पहिली अट मोडते ती मालवाहतुकीत. वर उल्लेखलेल्या युरोपीय नियमावलीतच प्रवाशांसाठी 'एअर फेअर' आणि मालासाठी 'एअर रेट' अशा दोन संज्ञा वेगळ्या दिल्या आहेत. जहाज, रेल्वे किंवा ट्रकने पाठवलेल्या मालाच्या रकमेला फ्रेट किंवा फ्रेट चार्ज म्हणतात. 'पार्सलचे फेअर' असे लिहिले, तर इंग्रजी वाचकाला पार्सल आसनावर बसून गेल्यासारखे वाटेल.

दुसरी अट मोडते ती वाहन भाड्याने घेताना. टॅक्सीत चालक तुम्हाला नेतो, म्हणून तेथे फेअर. तीच गाडी दोन दिवसांसाठी घेऊन तुम्ही स्वतः चालवली, तर तुम्हाला कोणी नेले नाही. तुम्ही एक साधन वापरलेत, म्हणून तेथे रेंटल चार्ज किंवा हायर चार्ज. बसच्या बाबतीत ही सीमा आणखी बारीक होते. बसमधील एका आसनाचे तिकीट काढले तर फेअर. पण एखाद्या संस्थेने तीच बस चालकासह दिवसभरासाठी ठरवली, तर संस्थेने बसच्या मालकाला दिलेली रक्कम हायर चार्ज होते, कारण मोजणी आता प्रति प्रवासी राहिली नाही, ती प्रति दिवस किंवा प्रति किलोमीटर झाली आहे. त्या संस्थेने नंतर प्रत्येक सदस्याकडून आसनामागे रक्कम घेतली, तर त्या रकमेला पुन्हा फेअर म्हणता येते. बस तीच आणि रस्ताही तोच, पण मोजणीचे एकक बदलले की शब्द बदलतो.

घर आणि कार्यालयाच्या जागेच्या भाड्याला रेंट हा स्वतंत्र शब्द आहे आणि रस्त्याच्या किंवा पुलाच्या वापरासाठी घेतल्या जाणाऱ्या पथकराला टोल. हे दोन्ही शब्द आपल्या सहा शब्दांच्या बाहेरचे आहेत. ते वेगळे लक्षात ठेवले की पुरे.

'तिकिटाची प्राइस' आणि 'प्रवासाचे फेअर' या दोहोंमध्ये मात्र विरोध नाही. तिकीट ही वस्तू म्हणून पाहिली तर तिला प्राइस असते आणि प्रवास पाहिला तर त्याला फेअर. नाटकाच्या तिकिटाला तर केवळ प्राइसच असते, कारण तेथे प्रवास नाही.

तिसरी पायरी: फी आणि चार्ज यांतील सीमा

माझ्या मते सर्वांत कठीण निवड हीच आहे, आणि येथे शंभर टक्के पक्का नियम कोणी सांगितला तर त्यावर विश्वास ठेवू नये. तरीही दोन प्रश्न विचारले की बहुतेक प्रकरणे सुटतात.

पहिला प्रश्न असा: पैसे कृतीचे आहेत की वापराचे? परीक्षेला बसण्याचा अर्ज स्वीकारणे, रुग्णाला तपासणे, दस्त नोंदवणे, सभासद करून घेणे या कृती आहेत. कृती एकदा होते आणि तिच्यापोटी ठरलेली रक्कम एकदा घेतली जाते, म्हणून परीक्षा फी, तपासणी फी, नोंदणी फी, सभासद फी. उलट वीज, फोन किंवा गोदामातील जागा वापरली जाते. वापर वाढला की रक्कम वाढते, म्हणून तेथे चार्ज. चार्ज या शब्दाच्या मुळाशी गाडीवर ओझे लादण्याची कल्पना आहे आणि आजच्या अर्थातही ग्राहकाच्या खात्यावर काहीतरी लादले जाते, ही छटा टिकून आहे. म्हणूनच तो क्रियापद म्हणूनही सहज वापरला जातो: रुग्णालय खोलीचे पैसे 'चार्ज' करते. फी आणि फेअर यांना हे जमत नाही. फी 'आकारली जाते' असे म्हणायचे असेल, तर इंग्रजीत तेथेही चार्ज हेच क्रियापद येते.

दुसरा प्रश्न असा: ही रक्कम मुख्य आहे की मुख्य रकमेवर चढलेली? मुख्य व्यवहाराच्या जोडीला आलेल्या रकमेला चार्ज म्हणण्याकडे इंग्रजीचा कल असतो. टॅक्सीला थांबवून ठेवले तर वेटिंग चार्ज, जेवणाच्या बिलावर सर्व्हिस चार्ज, मर्यादेपेक्षा जास्त सामान असेल तर एक्सेस बॅगेज चार्ज. चार्जवर आणखी एक थर चढला की त्याला सरचार्ज म्हणतात, ज्याला आपण अधिभार म्हणतो.

हे दोन प्रश्न परस्परविरोधी उत्तरे देतात, तेव्हा काय करावे? घरपोच सेवेच्या रकमेचे उदाहरण घ्या. पोहोचवणे ही कृती आहे, म्हणून डिलिव्हरी फी. ती वस्तूच्या प्राइसवर चढलेली आहे, म्हणून डिलिव्हरी चार्ज. दोन्ही प्रयोग रूढ आहेत. प्रवेशाच्या रकमेचेही तसेच: एंट्रन्स फी आणि अ‍ॅडमिशन चार्ज दोन्ही वापरात आहेत. अशा ठिकाणी व्यवसायातील रूढी पाहावी आणि एकदा निवडलेला शब्द त्या दस्तऐवजात शेवटपर्यंत बदलू नये. पहिल्या पानावर डिलिव्हरी फी आणि तिसऱ्या पानावर डिलिव्हरी चार्ज असे आले, तर ग्राहकाला या दोन वेगळ्या रकमा आहेत असे वाटण्याची शक्यता असते, आणि वाद झाला तर ते त्याचे वाटणे अवाजवी ठरवता येत नाही.

मराठी बाजूने पाहिले तर फीसाठी 'शुल्क' आणि चार्जसाठी 'आकार' हे लेखी भाषेतील शब्द आहेत. वीजबिलावरील 'स्थिर आकार' हा प्रयोग अनेकांच्या परिचयाचा असेल. परंतु 'शुल्क' हा शब्द सरकारी करांसाठीही वापरला जातो, जसे आयात शुल्क. तेथे इंग्रजीत फी लिहिणे पूर्ण चूक आहे. तेथे ड्यूटी किंवा टॅरिफ लागतो. मराठी मजकुरातून इंग्रजी करताना 'शुल्क' दिसले की आधी विचारावे: बदल्यात काही मिळते का? परवाना, प्रवेश किंवा सल्ला मिळत असेल तर फी. बदल्यात काहीही न मिळता केवळ कायद्याने द्यावे लागत असेल, तर तो कर आहे.

चौथी पायरी: टॅरिफ हे कोष्टक आहे

टॅरिफ हा शब्द अरबीतून इटालियनमार्गे युरोपात गेला आणि मुळात त्याचा अर्थ 'कळवणे, जाहीर करणे' असा आहे. जाहीर केलेली दरांची यादी हा त्याचा आजचा अर्थ त्याला धरूनच आहे. सीमाशुल्काची यादी म्हणजे टॅरिफ आणि त्या यादीप्रमाणे एखाद्या मालावर लागणारा कर म्हणजेही टॅरिफ, असे दोन्ही अर्थ व्यापारात चालतात. सेवांच्या क्षेत्रात मात्र यादी हाच मुख्य अर्थ धरून चालावे.

विजेचे उदाहरण घेतल्यास हे स्पष्ट होईल. समजा, एका पुरवठादाराच्या टॅरिफमध्ये असे लिहिले आहे की दरमहा 100 इतका स्थिर आकार लागेल, पहिल्या 100 युनिटांना प्रति युनिट 4 हा दर राहील आणि त्यापुढील प्रत्येक युनिटाला 7. एका ग्राहकाने महिन्यात 150 युनिटे वापरली. पहिल्या 100 युनिटांचे 400, पुढील 50 युनिटांचे 350 आणि स्थिर आकाराचे 100 मिळून बिल 850 झाले. यातील 400 आणि 350 मिळून 750 हा एनर्जी चार्ज, 100 हा फिक्स्ड चार्ज, आणि 4 व 7 हे रेट. 850 ही बिलाची एकूण रक्कम आहे. टॅरिफ हा यातला कोणताच आकडा नाही. तो या सगळ्यांना जोडणारा नियम आहे. त्यामुळे 'या महिन्याचे माझे टॅरिफ 850 आले' हे वाक्य चुकीचे आहे, तर 'टॅरिफ बदलल्यामुळे माझे बिल वाढले' हे बरोबर.

टॅरिफ कोठे शोभतो याची खूण त्यामुळे सोपी होते. दर जाहीर असावा, सर्व ग्राहकांना किंवा ग्राहकांच्या एका वर्गाला सारखा लागू असावा आणि त्यात एकापेक्षा अधिक अटी किंवा टप्पे असावेत. वीज, पाणी, गॅस, दूरसंचार आणि बंदरे या क्षेत्रांत हे तिन्ही असते, म्हणून तेथे टॅरिफ सर्रास वापरला जातो. एखाद्या छायाचित्रकाराने आपल्या कामाच्या रकमा एका पानावर मांडल्या, तर त्याला टॅरिफ म्हणणे जड वाटते. तेथे रेट कार्ड किंवा प्राइस लिस्ट शोभते. हॉटेलांच्या खोल्यांच्या दरासाठी 'रूम टॅरिफ' हा प्रयोग भारतीय इंग्रजीत पक्का रुजला आहे, पण इतरत्रच्या वाचकाला रूम रेट अधिक ओळखीचा वाटतो. वाचक परदेशी असेल तर रेट लिहावे.

पाचवी पायरी: प्रीमियम आणि 'हप्ता'

विम्यापोटी दिल्या जाणाऱ्या रकमेला मराठीत आपण हप्ता म्हणतो आणि कर्जफेडीच्या रकमेलाही हप्ताच म्हणतो. इंग्रजीत कर्जाचा हप्ता म्हणजे इन्स्टॉलमेंट आणि विम्याचा हप्ता म्हणजे प्रीमियम. कर्जाच्या हप्त्यात आधीच घेतलेल्या रकमेचा एक भाग परत केला जातो. प्रीमियममध्ये काहीही परत केले जात नाही; ठरलेल्या मुदतीत एखादी आपत्ती आली तर भरपाई करण्याची जबाबदारी विमा कंपनी घेते आणि त्या जबाबदारीचे मोल म्हणजे प्रीमियम. आपत्ती आली नाही म्हणून प्रीमियम वाया गेला असे होत नाही, कारण जोखीम तेवढा काळ वाहिली गेलेली असते.

वर्षाचा प्रीमियम बारा तुकड्यांत भरण्याची सोय असेल, तर त्या प्रत्येक तुकड्याला 'प्रीमियमचा इन्स्टॉलमेंट' म्हणता येते आणि तेथे दोन्ही शब्द एकत्र येतात. संपूर्ण मुदतीचा प्रीमियम एकदाच भरला, तर त्याला सिंगल प्रीमियम म्हणतात. तेथे मराठीत 'एकच हप्ता' म्हणणे थोडे विचित्र वाटते, पण रूढ आहे.

विमा म्हटला की सगळेच प्रीमियम, असेही मात्र नाही. बाजाराशी निगडित विमा योजनेत ग्राहक जो प्रीमियम भरतो, त्यातून किंवा त्याच्या निधीतून कंपनी पॉलिसी अ‍ॅडमिनिस्ट्रेशन चार्ज, फंड मॅनेजमेंट चार्ज आणि मृत्यूच्या जोखमीपोटी मॉर्टॅलिटी चार्ज कापते. ग्राहकाने दिलेली एकूण रक्कम प्रीमियम आणि तिच्यातून निरनिराळ्या कारणांनी होणारी कपात चार्ज. दस्तऐवज वाचताना हे दोन थर वेगळे दिसले नाहीत, तर आपल्या नावावर नेमकी किती गुंतवणूक झाली, हे ग्राहकाला कधीच नीट सांगता येणार नाही.

प्रीमियमचा आणखी एक अर्थ आहे: नेहमीच्या मोलापेक्षा वर दिलेली रक्कम. 'रोखा प्रीमियमवर विकला गेला' म्हणजे तो दर्शनी मूल्यापेक्षा अधिक किमतीला विकला गेला. मराठीत याला अधिमूल्य म्हणतात. वाक्यात प्रीमियम हा शब्द 'ओव्हर' लागून आला, तर बहुधा हा अर्थ असतो. 'अ‍ॅट अ प्रीमियम' असे आले तरीही तोच. विम्याचा अर्थ तेथे लावू नये.

एका तिकिटावर रीत चालवून पाहू

एका प्रवाशाने संकेतस्थळावरून विमानाचे तिकीट काढले. चलन कोणतेही धरावे; आकडे केवळ उदाहरणादाखल आहेत. मूळ रक्कम 5,000, इंधनापोटी 600, विमानतळाच्या सुविधांपोटी 400, आरक्षणाच्या सोयीपोटी 250, जादा बॅगेपोटी 900, खिडकीजवळच्या आसनापोटी 150 आणि प्रवासविम्यापोटी 200, एकूण 7,500.

मूळ रक्कम प्रति प्रवासी, प्रति प्रवास आहे आणि कंपनी माणसाला वाहून नेत आहे. ती बेस फेअर. इंधनाची रक्कम या फेअरवर चढवलेली आहे, म्हणून फ्युएल सरचार्ज. तिकिटाच्या तपशिलात YQ किंवा YR अशी सांकेतिक अक्षरे दिसतात, ती कंपनीने स्वतः लावलेल्या अशा अधिभारांची असतात. हा अधिभार सरकारचा कर नव्हे, जरी तपशिलात तो करांच्या रांगेत बसलेला असला तरी.

विमानतळाच्या रकमेपाशी आपली रीत ताणली जाते. काही विमानतळांवर तिला पॅसेंजर सर्व्हिस फी म्हणतात, तर काहींवर पॅसेंजर सर्व्हिस चार्ज. सुविधेचा वापर पाहिला तर चार्ज, टर्मिनलमध्ये मिळणारा प्रवेश पाहिला तर फी. अशा ठिकाणी स्वतःचा शब्द बनवू नये. विमानतळाने जे नाव दिले आहे तेच जसेच्या तसे उतरवावे, कारण ते त्या रकमेचे अधिकृत नाव आहे. तिकिटांच्या व्यवसायात म्हणूनच 'टॅक्सेस, फीज अँड चार्जेस' असा एकत्र मथळा वापरण्याची पद्धत आहे.

आरक्षणाची सोय ही एकदाची कृती आहे, पाच हजारांचे तिकीट असो वा पन्नास हजारांचे, पुष्कळदा ती प्रति आरक्षण किंवा प्रति प्रवासी ठरलेली असते. ती कन्व्हिनियन्स फी. जादा बॅग वजनावर किंवा नगावर मोजलेली जोड आहे. ती बॅगेज चार्ज, जरी काही कंपन्या तिला बॅगेज फी म्हणत असल्या तरी. बॅग प्रवाशाबरोबर गेली तरी तिला फेअर लागत नाही. आसनाची रक्कमही तशीच: सीट फी किंवा सीट चार्ज, कंपनी म्हणेल ते. विम्याचे 200 प्रीमियम, आणि ते विमान कंपनीच्या हाती भरले गेले तरी जातात विमा कंपनीकडे.

एकूण 7,500 ला काय म्हणावे? टोटल फेअर लिहिण्याचा मोह होतो, पण यात विमा आणि बॅगही आहे. येथे व्यापक शब्दाचीच गरज आहे: टोटल प्राइस. युरोपीय नियमावलीचे 23 वे कलमही हाच भेद पाळते. अंतिम प्राइस सतत दाखवलीच पाहिजे आणि तीत लागू फेअरबरोबर टाळता न येणारे आणि आधीच कळण्यासारखे कर, चार्जेस, सरचार्जेस आणि फीज धरलेच पाहिजेत, असे ते म्हणते. ग्राहकाने ऐच्छिक म्हणून निवडायच्या रकमा मात्र त्याने स्वतः होकार दिल्यावरच जोडता येतात. आपल्या उदाहरणातील बॅग, आसन आणि विमा या ऐच्छिक रकमा आहेत.

आणि टॅरिफ कोठे आहे? तिकिटावर ते दिसत नाही, ते तिकिटाच्या मागे उभे असते. कोणत्या मार्गावर कोणत्या वर्गाला कोणते फेअर लागू आहे, ते किती दिवस आधी काढावे लागते आणि रद्द केल्यास काय होते, या नियमांसह जाहीर झालेला संग्रह म्हणजे टॅरिफ. विमान कंपन्यांची फेअर आणि त्यांचे नियम एकत्र करून वितरित करणाऱ्या एका संस्थेचे नावच एअरलाइन टॅरिफ पब्लिशिंग कंपनी असे होते. आज ती तिच्या ATPCO या लघुनामाने ओळखली जाते.

हे तिकीट रद्द झाले, तर शब्दांतील फरक पैशांतील फरक होतो. फेअर किती परत मिळेल, हे त्या फेअरच्या नियमांवर ठरते. विमानतळाच्या सुविधा वापरल्याच नाहीत, म्हणून त्यापोटीची रक्कम परत देण्याची तरतूद अनेक देशांत आहे. आरक्षणाची कृती मात्र झालेली आहे, म्हणून कन्व्हिनियन्स फी सहसा परत मिळत नाही. बॅगेचा वापर झालेला नाही, पण ती रक्कम परत मिळते की नाही, हे कंपनीच्या अटी सांगतात. प्रीमियमच्या बाबतीत विम्याची मुदत सुरू झाली होती की नाही, हे पाहावे लागते. परताव्याचे पत्र लिहिताना सगळ्याला 'तिकिटाचे पैसे' म्हणून मोकळे होणाऱ्या कर्मचाऱ्याला ग्राहकाच्या पहिल्याच उलट प्रश्नाला उत्तर देता येत नाही.

सहावी पायरी: रीत कोठे थांबते

कायद्याने एखाद्या संज्ञेची स्वतःची व्याख्या केली असेल, तर तेथे आपली मोजणीची कसोटी गैरलागू होते. अमेरिकेच्या 1968 च्या ट्रुथ इन लेंडिंग कायद्यात 'फायनान्स चार्ज' या संज्ञेत व्याजही येते, एरवी मात्र आपण व्याजाला इंटरेस्टच म्हणू आणि चार्ज म्हणणार नाही. बँकांच्या व्यवहारातही व्यवसायाची रूढी जोरदार असते: कर्जाचा अर्ज तपासण्यापोटी प्रोसेसिंग फी, कार्डाची वर्षाची अ‍ॅन्युअल फी, पण खात्यावर कापल्या जाणाऱ्या किरकोळ रकमांना एकत्रितपणे बँक चार्जेस. ही नावे तर्काला धरून सुधारत बसू नये. ज्या संस्थेचा दस्तऐवज आहे, तिचीच नावे वापरावीत.

राहिलेले बारकावे व्याकरणाचे आहेत. शाळा-महाविद्यालयांच्या बाबतीत इंग्रजीत 'फीज' असे अनेकवचन रूढ आहे. 'विनामूल्य' या अर्थी फ्री ऑफ चार्ज म्हणतात, फ्री ऑफ फी म्हणत नाहीत. फेअरच्या बाबतीत ठिकाण सांगताना 'टू' लागतो, चार्ज आणि फी यांच्या बाबतीत कारण सांगताना 'फॉर'. मराठी मजकुरात हेच शब्द देवनागरीत वापरायचे झाल्यास फी आणि प्राइस स्त्रीलिंगी, चार्ज पुल्लिंगी, तर फेअर आणि टॅरिफ नपुंसकलिंगी चालवणे बोलण्याशी जुळते. प्रीमियम 'तो' आणि 'ते' असा दोन्ही प्रकारे ऐकू येतो, मी तो पुल्लिंगी चालवतो.

मसुदा पूर्ण झाल्यावर त्यातील प्रत्येक रकमेसमोरचा शब्द झाकावा आणि ती रक्कम प्रति काय आहे, हे समासात पेन्सिलने लिहावे. जेथे काही लिहिता आले नाही, तेथे बहुधा शब्द चुकलेला नसतो. दोन वेगळ्या रकमा एकाच ओळीत घातलेल्या असतात, आणि त्या फोडून दोन ओळी कराव्या लागतात.